बीप वाजल्यावर काय बोलायचं

गोव्यातल्या वेर्ण्याच्या औषध कारखान्यातला माझा इंटरव्ह्यू संपत आला होता. समोर क्यूसीचे, म्हणजे दर्जा तपासणाऱ्या विभागाचे हेड आणि प्लँटमधले आणखी एक साहेब बसले होते, आणि मुंबईच्या हेड ऑफिसमधल्या एचआर मॅडम भिंतीवरच्या स्क्रीनवर होत्या. उठताना त्या म्हणाल्या, "दहा-बारा दिवसांत कळेल. मध्ये काही विचारायचं असेल तर मेल नका करू. माझ्या इनबॉक्समध्ये तो कुठे बुडेल ते मलाच कळणार नाही. सरळ फोन करा. मी जागेवर नसले तर व्हॉइसमेल ठेवा." त्यांनी मुंबईच्या ऑफिसच्या टेलिफोन बोर्डाचा ०२२चा नंबर आणि चार आकडी एक्स्टेंशन सांगितलं. मी ते फाइलच्या मागच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतलं.

मेल असता तर मी रात्री बसून तीन वेळा खोडून नीट लिहिला असता. फोनवर खोडता येत नाही. आणि व्हॉइसमेल ही गोष्ट तर आपल्याकडे कुणी वापरतच नाही. मोबाइलवर मिस्ड कॉल दिसला की समोरचा परत फोन करतो, नाहीतर आपण व्हॉट्सअॅपवर बोलून पाठवतो. पण मोठ्या कंपन्यांच्या टेबलावरच्या फोनला अजून ती पेटी असते. पाच-सहा रिंग झाल्या की रेकॉर्ड केलेला आवाज येतो, मग बीप, आणि त्यानंतर तुम्ही जे बोलाल ते तसंच्या तसं त्या बाईंच्या फोनवर जाऊन बसतं, अडखळणं आणि "अं…" सकट.

माझी अडचण त्याहून वेगळी होती. मी कुंडईच्या एका औषध कारखान्यात क्यूसी केमिस्ट आहे. आमच्या प्रयोगशाळेत मोबाइल नेता येत नाही. गेटच्या आत आल्यावर तो लॉकरमध्ये ठेवायचा आणि शिफ्ट संपल्यावर काढायचा. म्हणजे मी मेसेज ठेवला, मॅडमनी सकाळी अकराला परत फोन केला, तर तो लॉकरमध्येच वाजून बंद होणार. मग मी चारला फोन करणार, तेव्हा त्या मीटिंगमध्ये. असं दोन-तीनदा झालं की समोरच्या माणसाच्या यादीतून आपलं नाव खाली सरकतं. आणि मला थांबायला फुरसत नव्हती, कारण पिळर्णच्या दुसऱ्या कारखान्याची ऑफर हातात आली होती आणि मंगळवार, ९ डिसेंबरपर्यंत त्यांना हो किंवा नाही कळवायचं होतं. मन वेर्ण्याकडे होतं. तिथे पगार थोडा जास्त होता, आणि ज्या यंत्रावर मला काम करायचंय ते तिथेच होतं.

फोनवर बोलण्याच्या बाबतीत आमच्या घरात अधिकारी माणूस एकच, आमची वहिनी. लग्नाआधीपासून ती पणजीतल्या एका हॉटेलात टेलिफोन ऑपरेटर आहे. पाहुण्यांसाठी आलेले निरोप लिहून घेणं हे तिचं रोजचं काम. मी तिला म्हटलं, मला काय बोलायचं ते लिहून दे. तिने लिहून दिलं नाही, उलट मलाच विचारत बसली.

"तू फोन कुणाला करणार?"

"एचआर मॅडमना."

"त्यांच्याकडे गोव्यातली एकच जागा आहे?"

नव्हती. इंटरव्ह्यूच्या आधी बाहेर बसलो होतो तेव्हाच कळलं होतं की त्या दोन-तीन प्लँटची भरती बघतात, आणि वेर्ण्यातच क्यूसी, क्यूए आणि प्रॉडक्शन अशा वेगवेगळ्या जागा चालू आहेत. वहिनी म्हणाली, "मग नुसतं नाव सांगून काय उपयोग? नाईक आडनावाच्या किती मुली त्यांनी त्या आठवड्यात बघितल्या असतील. नाव, कुठला प्लँट, कुठली जागा, इंटरव्ह्यूची तारीख. हे चार शब्द पहिल्या दमात गेले पाहिजेत. ऐकणाऱ्याच्या हातात पेन आहे आणि तो लिहून घेतोय असं धरून बोल."

पुढचा प्रश्न तिने जास्त नेमका विचारला. "तुला त्यांच्याकडून काय ऐकायचंय?" मी म्हटलं, माझी निवड झाली की नाही ते. ती म्हणाली, हे विचारू नको. ते सांगायचा अधिकार त्या बाईंना त्या क्षणी नसेल, आणि 'नाही' असं उत्तर असेल तर ते व्हॉइसमेलला उत्तर म्हणून फोन करून सांगायला कुणालाच आवडत नाही. त्यांना सहज सांगता येईल असं विचार. तिच्या हॉटेलातला अनुभव असा, की "माझी खोली अपग्रेड होणार का?" असं विचारणाऱ्या पाहुण्याला कुणी धड उत्तर देत नाही. "किती वाजता कळेल?" असं विचारलं की मॅनेजर तरी काहीतरी वेळ सांगतो. मला ते पटलं. मला मंगळवारच्या आत हवी होती ती गोष्टही तीच होती, काम कुठे अडलंय आणि कधी सुटणार.

मग आम्ही दोन वेगवेगळी बोलणी तयार केली, एक त्या फोनवर आल्या तर आणि एक नाही आल्या तर. लोक दोन्हीकडे तेच बोलतात, पण समोर माणूस असताना थांबून ऐकता येतं आणि पेटीसमोर येत नाही. त्यामुळे पेटीसाठीचं बोलणं एका दमात पुरं व्हायला हवं होतं. ते असं ठरलं:

"नमस्कार मॅडम, मी अमुक नाईक, वेर्णा प्लँटच्या क्यूसी ऑफिसर जागेसाठी. माझा इंटरव्ह्यू २० नोव्हेंबरला झाला होता. त्या जागेचा निर्णय साधारण कधी होईल, एवढंच विचारायचं होतं. मला ९ तारखेपर्यंत एका ठिकाणी उत्तर द्यायचं आहे, त्याआधी कळलं तर बरं होईल. माझा नंबर आहे… मी दुपारी चार ते सहा फोनवर असते, त्याआधी प्रयोगशाळेत फोन नेता येत नाही. व्हॉट्सअॅपवर एक ओळ पाठवलीत तरी चालेल. नंबर परत सांगते… धन्यवाद."

'अमुक'च्या जागी अर्थात माझं नाव. मोबाइलच्या रेकॉर्डरवर बोलून बघितलं तर दोन्ही वेळच्या नंबरासकट चाळीस सेकंदांच्या आसपास जात होतं. वहिनीच्या मते त्यापुढे ऐकणारा कंटाळतो, आणि नंबर शेवटी असेल तर तो यायच्या आधीच फोन ठेवतो. म्हणून नंबर एकदा मधे आणि एकदा शेवटी. चुकून एक आकडा निसटला, तर शेवटच्या वेळी ताडून बघता येतो आणि सगळा मेसेज पुन्हा ऐकावा लागत नाही.

नंबर कसा बोलायचा यावर आमची सगळ्यात जास्त घासाघीस झाली. मी घरात बोलते तसा 'अठ्ठ्याण्णव, बावीस' असा जोडीजोडीने सांगत होते. वहिनीने सरळ नाही म्हटलं. एकोणसाठ आणि एकोणसत्तर फोनवर सारखेच ऐकू येतात, आणि मुंबईत ऐकणारी व्यक्ती मराठी असेलच असं नाही. तिच्याकडे नियम असा की इंग्रजीत एकेक आकडा सांगायचा, पाच आकडे झाले की श्वास घ्यायचा, मग उरलेले पाच. 'डबल'सुद्धा म्हणायचं नाही, तोच आकडा दोनदा म्हणायचा. माझ्या नंबरात फाइव्ह आणि नाइन शेजारी शेजारी आहेत आणि खराब लाइनवर त्या दोघांत फार गोंधळ होतो. विमानवाले याच कारणासाठी नाइनला 'नाइनर' म्हणतात, हे तिला कुणा पायलट पाहुण्याने सांगितलेलं. मी काही नाइनर म्हणणार नव्हते, पण त्या दोन आकड्यांवर थांबून, तोंड उघडून बोलायची सवय केली.

९ तारखेचं वाक्य ठेवायचं की काढायचं यावर आमचं एकमत झालं नाही. तिला वाटत होतं की रेकॉर्ड केलेल्या आवाजात ते धमकीसारखं लागेल. मला वाटत होतं की ते नसेल तर बाकीच्या मेसेजला काही घाई उरत नाही, आणि घाई नसलेली गोष्ट कुणीही उद्यावर टाकतं. शेवटी मी ते ठेवलं, पण दोन गोष्टी पाळून. दुसऱ्या कंपनीचं नाव घ्यायचं नाही आणि पगाराचा आकडा काढायचा नाही. पेटीतला मेसेज स्पीकरवर लावून ऐकतात, आजूबाजूला कोण बसलंय सांगता येत नाही. गोव्यात औषध कारखान्यांतली माणसं एकमेकांना ओळखतात. पिळर्णला माझी ऑफर आहे हे मुंबईहून वेर्ण्याला आणि वेर्ण्याहून कुंडईला यायला एक चहाची सुट्टी पुरेल. आणि एक सांगायचं तर, ती तारीख खरी होती म्हणून मी बोलले. खोटी ऑफर सांगून घाई करणारे लोक असतात, त्यांना समोरून "ठीक आहे, मग तिकडे जा" असं उत्तर आलं की पुढे बोलायला काही राहत नाही.

त्या स्वतः फोनवर आल्या तर बोलायचं होतं ते याहून तुटक होतं:

"नमस्कार मॅडम, मी अमुक नाईक, वेर्ण्याच्या क्यूसी ऑफिसर जागेसाठी २० तारखेला इंटरव्ह्यू झाला होता. आता दोन मिनिटं बोलता येईल का?"

त्या 'नाही' म्हणाल्या तर "मग आज पाचनंतर करू की उद्या?" एवढंच विचारायचं. 'हो' म्हणाल्या तर "त्या जागेचं पुढे काय चाललंय आणि निर्णय कधीपर्यंत होईल, हे विचारायला फोन केला." आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणंच मला जड जातं. फोनवर शांतता झाली की मी घाबरून काहीतरी भरत राहते, आणि समोरचा संगणकावर माझं नाव शोधत असताना मी माझ्या अनुभवाची उजळणी करत असते. वहिनीने कागदावर त्या वाक्याखाली मोठ्या अक्षरात 'गप' असं लिहून ठेवलं.

त्याखाली मी माझ्यासाठी काही ओळी लिहिल्या होत्या. आमच्या क्यूसीमधली एक जुनी केमिस्ट तीन कारखाने बदलून आलेली आहे. कुठलं उत्तर आलं तर काय समजायचं, हे तिने मला सांगितलं होतं. नुसतं "प्रोसेसमध्ये आहे" म्हटलं तर त्यातून काही कळत नाही, तेव्हा पुढे विचारायचं की आता प्लँटकडून काही यायचंय का, की माझ्याकडून कागद बाकी आहेत. "फीडबॅक यायचाय" म्हणाले तर इंटरव्ह्यू घेणाऱ्यांनी अजून आपला शेरा भरून दिलेला नाही, म्हणजे अडकलंय वेर्ण्यात, मुंबईत नाही. "अप्रूव्हलला आहे" हे त्यातल्या त्यात चांगलं. बहुतेक नाव ठरलेलं असतं आणि पगाराच्या आकड्यावर किंवा जागेच्या मंजुरीवर कुणाची तरी सही राहिलेली असते. "अजून कँडिडेट बघतोय" म्हणजे तुम्ही बाद झालेल्या नाही, पण पहिल्याही नाही. आणि "होल्ड" म्हणजे जागाच थांबवली आहे. मग तुमचा इंटरव्ह्यू कितीही छान झाला असला तरी फरक पडत नाही. शब्द कंपनीगणिक थोडे इकडेतिकडे होतात, पण मी ते कागदाच्या कडेला लिहून ठेवले, म्हणजे उत्तर ऐकल्यावर पुढचं काय विचारायचं ते शोधत बसायला नको.

आता फोन कधी करायचा. बारा दिवस २ डिसेंबरला संपत होते. ३ तारखेला गोंयच्या सायबाचं, म्हणजे जुन्या गोव्यातल्या सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, गोव्यात सुट्टी. मला वाटलं, वा, दिवसभर घरी आहे, लॉकर नाही, शिफ्ट नाही, मुंबईत मात्र ऑफिस चालू. यापेक्षा चांगला दिवस कुठला? वहिनीने हे ऐकलं आणि विचारलं, "मॅडम वेर्ण्याला फोन लावून विचारायला गेल्या तर तिथे उचलणार कोण?" खरंच होतं. मुंबईतल्या माणसाला गोव्याची ही सुट्टी लक्षात असेलच असं नाही. त्या विचारतील, प्लँटमध्ये कुणी नसेल, आणि मला मिळेल ते उत्तर "उद्या बघून सांगते". ते सांगणं आठवणीवर जाणार. ज्या दिवशी दोन्हीकडची माणसं जागेवर आहेत असाच दिवस धरायला हवा होता. म्हणून ३ तारीख मी सरावात घालवली. माशेलच्या घरातून जुन्या गोव्याकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग दिवसभर चालू होती आणि मी मागच्या खोलीत रेकॉर्डरसमोर "फाइव्ह… नाइन…" करत होते. आईला वाटलं मी कसली तरी परीक्षा देतेय.

हेच १९ डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनालाही लागू आहे, आणि गणेश चवथीच्या दिवसांत तर जास्तच. चवथीत गोव्यातल्या प्लँटकडून कुणाला काही निर्णय मिळेल ही आशा धरूच नये.

४ तारखेला, गुरुवारी, माझी पहिली शिफ्ट होती, तीनला सुटणारी. कंपनीच्या बसमधून फोन करायचा प्रश्नच नव्हता, आजूबाजूला सगळे माझेच सहकारी. घरी पोचून हातपाय धुतले, मागच्या खोलीत पंखा बंद केला (पंख्याखाली बोललं की रेकॉर्डिंगमध्ये घरघर येते, हे सरावात कळलं होतं), कागद समोर ठेवला आणि सव्वाचारच्या सुमारास नंबर लावला. जेवणाची वेळ टळून गेलेली आणि घरी निघायची घाई अजून सुरू न झालेली, असा तो मधला वेळ.

आधी ऑपरेटर आली. हिंदीत म्हणाली, "किस सिलसिले में?" याला आपण अडखळलो की ती "मेल कर दीजिए" म्हणून मोकळी होते. माझ्याकडे वाक्य तयार होतं, "इंटरव्ह्यू के बारे में, मॅडम ने इसी एक्स्टेंशन पर फोन करने को कहा है." ते म्हटल्यावर तिने काही न बोलता जोडून दिलं. रिंग वाजत राहिली. मग तो आवाज, की या एक्स्टेंशनवरची व्यक्ती आत्ता उपलब्ध नाही, संदेश ठेवा. तो पूर्ण ऐकून घेतला, कारण काही ठिकाणी त्यातच शेवटी सांगतात की बोलून झाल्यावर कुठलं बटण दाबायचं किंवा पुन्हा रेकॉर्ड कसं करायचं. इथे तसं काही नव्हतं. बीप. मी कागदावरचं वाचलं नाही, म्हणजे डोळ्यांसमोर तो होता, पण वाक्यं तोंडात बसली होती. नंबर मात्र बघून, एकेक आकडा बोटाखाली धरून सांगितला. दुसऱ्यांदा सांगताना वेग वाढतोय असं जाणवलं आणि मी मुद्दाम हळू केला. "धन्यवाद" म्हणून फोन ठेवला.

त्या संध्याकाळी आणखी फोन केला नाही. व्हॉट्सअॅपवरही काही टाकलं नाही. त्यांचा मोबाइल नंबर इंटरव्ह्यूच्या निरोपामुळे माझ्याकडे होता, पण त्यांनी बोर्डाचा नंबर दिला होता, तोच वापरला. माझ्या बाजूने एकच तयारी केली. अनोळखी नंबर आपोआप गप्प करायची सोय फोनमध्ये चालू होती ती बंद केली, आणि तो ०२२चा नंबर 'वेर्णा एचआर' म्हणून साठवला. मोठ्या ऑफिसमधून परत फोन येतो तेव्हा बहुतेक वेळा बोर्डाचाच नंबर दिसतो. तो चुकला आणि आपण उलट लावला तर पुन्हा ऑपरेटर, आणि कुणी केला होता ते तिला माहीत नसतं. एक्स्टेंशन लिहून ठेवायचं ते याचसाठी.

शुक्रवारी पावणेपाचच्या सुमारास तो नंबर वाजला. चार ते सहा म्हटलं होतं ते त्यांनी पाळलं.

"तुमचा मेसेज ऐकला. बोला," त्या म्हणाल्या. मराठीतच. मी नाव आणि जागा परत सांगितली आणि तेच विचारलं, पुढे काय चाललंय, निर्णय कधी होईल. मग गप. पलीकडे की-बोर्डचा आवाज येत राहिला. बराच वेळ गेला असं मला वाटलं, खरं तर काही सेकंदच असतील.

"फीडबॅक चांगला आहे तुमचा," त्या म्हणाल्या. "पण ही पोस्ट होल्डवर गेलीय. नव्या लाइनसाठी माणसं घेत होतो, ते काम पुढे ढकललंय. आता एप्रिलमध्ये बघणार आहेत."

कागदाच्या कडेला 'होल्ड'समोर मी लिहिलं होतं: जागा थांबली की यादी रद्द? तेच विचारलं. "मॅडम, एप्रिलमध्ये ही जागा उघडली तर याच इंटरव्ह्यूवर पुढे जाईल, की नव्याने अर्ज करावा लागेल?"

त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. मग म्हणाल्या, "खरं सांगू का, याच इंटरव्ह्यूवर व्हावं असा प्रयत्न करीन. पण लेखी काही देऊ शकत नाही. तुमच्याकडे दुसरी ऑफर असेल तर माझ्यासाठी थांबू नका."

मी 'माझी पहिली पसंती वेर्णाच आहे' हे वाक्य तयार ठेवलं होतं. ते बोलले नाही. होल्डवरच्या जागेपुढे माझ्या पसंतीचं त्यांनी काय करायचं? त्याऐवजी विचारलं की एप्रिलमध्ये मी स्वतः फोन केला तर चालेल का. "पहिल्या आठवड्यात करा, याच एक्स्टेंशनवर," त्या म्हणाल्या. सगळं मिळून तीन मिनिटांच्या आत आटपलं.

फोनवर झालेल्या बोलण्याचा पुरावा राहत नाही, हा फोन पसंत करणाऱ्या माणसाशी व्यवहार करतानाचा खरा तोटा. म्हणून फोन ठेवल्या ठेवल्या फाइलच्या पुठ्ठ्यावर तारीख, वेळ आणि त्यांचे शब्द लिहिले: होल्ड, नवी लाइन, एप्रिलचा पहिला आठवडा, लेखी नाही. आणि त्यांच्या मोबाइलवर एक ओळ पाठवली: "मॅडम, फोन केल्याबद्दल आभार. तुम्ही सांगितल्याप्रमाणे वेर्णा क्यूसी ऑफिसरची जागा सध्या होल्डवर आहे आणि मी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात फोन करीन." यात काही विचारलं नव्हतं, म्हणजे त्यांना उत्तर द्यायची सक्ती नव्हती. काही चुकीचं ऐकलं असतं तर मात्र त्यांना तिथेच सांगता आलं असतं. त्यांचं "ओके" आलं.

शनिवार-रविवार मी पिळर्णच्या ऑफरचा विचार केला. माझा नोटिस पिरियड दोन महिन्यांचा आहे. एप्रिलच्या आशेवर कुंडईतच राहिले असते आणि एप्रिलमध्ये जागा खरोखर उघडली असती, तरी वेर्ण्यात पाऊल ठेवेपर्यंत जून उजाडला असता. आणि हे सगळं 'प्रयत्न करीन'वर. सोमवारी मी पिळर्णला हो म्हणायचं ठरवलं.

मग तिसरं बोलणं आलं, जे आम्ही आधी तयार केलं नव्हतं. वेर्ण्याची जागा होल्डवरच होती, तेव्हा न कळवता गप्प बसले असते तरी चाललं असतं असं घरात सगळ्यांचं मत पडलं. मला तसं वाटलं नाही. त्या बाई एप्रिलमध्ये माझी फाइल वर काढतील, प्लँटमध्ये बोलून ठेवतील आणि मग मी "मी तर जॉइन झाले" म्हणणार? पुढे कधी त्याच बाईंना तोंड दाखवावं लागू शकतं. सोमवारी चारनंतर पुन्हा तेच एक्स्टेंशन लावलं, पुन्हा पेटीच लागली, आणि या वेळी बोलणं वीस सेकंदांतच बसलं:

"नमस्कार मॅडम, मी अमुक नाईक, वेर्णा क्यूसी ऑफिसर, २० नोव्हेंबरचा इंटरव्ह्यू. शुक्रवारी तुम्ही स्पष्ट सांगितलंत त्याचा मला निर्णय घ्यायला उपयोग झाला. मी दुसरीकडची ऑफर घेतली आहे, तेव्हा एप्रिलसाठी माझं नाव धरू नका. या मेसेजला उत्तर द्यायची गरज नाही. धन्यवाद."

नंबर या वेळी सांगितला नाही. उत्तरच नको होतं.

ते झाल्यावर लगेच पिळर्णच्या एचआरला फोन लावला, इतका सराव झाला होता की कागदही घेतला नाही. नाव, जागा, ऑफरची तारीख, आणि मी ती स्वीकारतेय, असं एका दमात सांगितलं. पलीकडचे साहेब शांतपणे ऐकून म्हणाले, "छान, पण आमच्याकडे फोनवर चालत नाही. मेल टाका."